‘नाही’ म्हणायला जागा ठेवणारं पत्र

डॉक्टर सकाळी साडेनऊच्या राउंडला ‘आज घरी सोडू’ म्हणून जातात आणि पेशंट रिक्षात बसतो संध्याकाळी पाचला. मधल्या साडेसात तासांत फाइल वॉर्डातून फार्मसीकडे, तिथून बिलिंगला, बिलिंगकडून विम्याच्या टेबलावर जाते. नातेवाईक प्रत्येक खिडकीवर जाऊन विचारतात, ‘किती वेळ लागेल?’ मे २०२४ मध्ये विमा नियामक प्राधिकरणानं परिपत्रक काढलं, की कॅशलेस पेशंटच्या डिस्चार्जची विनंती रुग्णालयाकडून आल्यावर विमा कंपनीनं तीन तासांच्या आत अंतिम मंजुरी द्यावी. पण ही विनंती जाण्याआधी आणि मंजुरी आल्यानंतर रुग्णालयात काय काय घडतं, ते परिपत्रकात सापडत नाही. ते ठाऊक असतं रुग्णालयाच्या व्यवस्थापकाला.

समजा, हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीनं हाच विषय घेतला. तिला जिल्ह्याच्या गावांतल्या दहा-बारा रुग्णालयांच्या व्यवस्थापकांशी बोलायचं आहे. ओळख कोणाशीच नाही, हातात आहे ते फक्त एक पत्र. तिचा पहिला मसुदा असा: ‘माझ्या संशोधनासाठी आपली बहुमोल माहिती हवी आहे. डिस्चार्जला उशीर का होतो, याचा मी अभ्यास करत आहे. कृपया थोडा वेळ द्यावा. आपल्या विश्वस्तांनी परवानगी दिलेली आहे. आपण सहकार्य कराल अशी खात्री आहे.’

वाचायला नम्र आहे, पण व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून वाचा. ‘उशीर का होतो’ म्हणताच आरोप आधीच ठरलेला दिसतो. तपासणीच्या नोटिसा आणि नातेवाइकांच्या तक्रारी ज्या टेबलावर येतात, तिथे हे पत्रही त्याच ढिगात जाणार. ‘थोडा वेळ’ म्हणजे दहा मिनिटं की दोन तास? वाचणारा मनात दोन तासच धरतो. सर्वांत अवघड वाक्य विश्वस्तांचं. संस्थेची परवानगी लागतेच, पण ती संस्थेत शिरण्यापुरती. व्यवस्थापक बोलणार की नाही, हा तिचा स्वतःचा निर्णय. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या की परवानगीचा हुकूम होतो. साहेबांनी ‘हो’ म्हटल्यावर ‘नाही’ म्हणायला जागा कुठे उरते? आणि मनाविरुद्ध बसलेला माणूस मुलाखतीत छापील उत्तरं देतो: आमच्याकडे सगळं वेळेवर होतं.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात वेळेपासून. तिच्याकडे आठ प्रश्न आहेत. दुसऱ्या शहरातल्या, अभ्यासात नसलेल्या दोन व्यवस्थापकांसोबत तिनं मुलाखतीची रंगीत तालीम केली. एकीला ३३ मिनिटं लागली, दुसऱ्याला ३८. संमतिपत्र वाचून सही करायला पाच मिनिटं धरली, तर पत्रात ४५ मिनिटं लिहिणं प्रामाणिक ठरतं. २० लिहून पाऊण तास बसवून ठेवलं, तर ती व्यवस्थापक पुढच्या संशोधकालाही दारात उभं करणार नाही. वेळ कोणती, हेही महत्त्वाचं. सोमवारची सकाळ ओपीडीची आणि अकरा ते दोन डिस्चार्जची गडबड. मंगळवार ते गुरुवार, दुपारी तीननंतरची वेळ सुचवली, की रुग्णालयाचा दिवस आपल्याला कळतो हे न सांगता कळतं.

सुधारलेलं पत्र असं:

‘मा. व्यवस्थापक महोदया, सादर नमस्कार.

डॉक्टरांनी डिस्चार्ज सांगितल्यापासून पेशंट बाहेर पडेपर्यंत रुग्णालयात काम कसं चालतं आणि त्यात वेळ कुठे जातो, याचा मी पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अभ्यास करत आहे. वॉर्ड, बिलिंग आणि विमा ही तिन्ही कामं आपण एकत्र पाहता, म्हणून आपल्याशी बोलायचं आहे. ही तपासणी नाही. कोणतीही फाइल किंवा पेशंटची माहिती मी मागणार नाही.

मुलाखतीला संमतिपत्रासह ४५ मिनिटं लागतील. तेवढा वेळ झाला, की प्रश्न उरले तरी मी थांबेन. मंगळवार ते गुरुवार दुपारी तीननंतर मी आपल्या कार्यालयात येऊ शकते. फोनवर बोलणं सोयीचं असेल तर तसंही चालेल.

सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे. रुग्णालयात अभ्यास करण्याची परवानगी संस्थेनं दिली आहे, पण त्यामुळे मुलाखत देणं आपल्यावर बंधनकारक होत नाही. आपण होकार दिला की नकार, हे मी संस्थेला कळवणार नाही. एखादा प्रश्न सोडता येईल, मध्येच थांबताही येईल. आपली परवानगी असेल तरच रेकॉर्डिंग करेन, नाहीतर टिपणं घेईन. मुलाखतीनंतर १५ दिवसांपर्यंत आपण आपलं बोलणं मागे घेऊ शकता.

सोबत एक पानी माहितीपत्रक जोडलं आहे. माझ्या मार्गदर्शकांचा आणि नीतिशास्त्र समितीच्या सदस्य सचिवांचा फोन नंबर त्यात आहे.’

शेवटच्या ओळीतली समिती शोभेसाठी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं माणसांवरच्या आरोग्यविषयक संशोधनाला लागू होतात. त्यांनुसार संस्थेची नीतिशास्त्र समिती प्रस्तावाबरोबर माहितीपत्रक आणि संमतिपत्रही तपासते. निमंत्रणाचं पत्रही तिच्यासमोर ठेवायचं असतं. मंजुरीनंतर त्यात परस्पर बदल करता येत नाही. ४५ ची ३० मिनिटं करायची असली, तरी समितीला कळवावं लागतं. म्हणून मसुद्यावर घासाघीस आधीच झालेली बरी.

पंधरा दिवसांची मुदत का? मुलाखती एकमेकींत मिसळून त्यांतून मुद्दे काढले, की एकीचं बोलणं वेगळं काढणं शक्य राहत नाही. ‘केव्हाही मागे घ्या’ असं लिहिणं उदार दिसतं, पण ते पाळता येणार नाही असं वचन आहे.

दुसरं तसंच वचन म्हणजे ‘आपली ओळख पूर्णपणे गुप्त राहील’. गावात शंभर खाटांचं धर्मादाय रुग्णालय एकच असेल, तर अहवालात ‘एका धर्मादाय रुग्णालयाच्या व्यवस्थापक म्हणाल्या’ एवढं वाचून निम्मं गाव नाव सांगेल. माहितीपत्रकात म्हणून खरं तेच लिहायचं: आपलं आणि रुग्णालयाचं नाव छापणार नाही, गाव आणि खाटांचा आकडा मोघम ठेवेन, तरीही आपल्या क्षेत्रातल्या जवळच्या माणसाला अंदाज येऊ शकतो. ज्या वाक्यांवरून ओळख पटेल असं वाटतं, ती छापण्याआधी आपल्याला दाखवेन. एवढं लिहिलं तर लोक बिथरतील, अशी भीती नव्या संशोधकांना वाटते. पण व्यवस्थापकाचा दिवस अटी-शर्ती वाचण्यातच जातो. धोका लपवलेला कागद तिला लगेच ओळखू येतो.

पत्र गेलं. उत्तर नाही. आठ-दहा दिवसांनी एक आठवण, तीही दोन ओळींची. त्यानंतर आणखी एकदा, आणि मग थांबायचं. विश्वस्तांकडून ‘जरा सांगा ना’ असा फोन करवला, तर पत्रातला ऐच्छिक सहभागाचा परिच्छेद तिथेच खोटा पडतो. गप्प राहणं हेही उत्तरच आहे. बारांपैकी चार जण बोलले नाहीत, तर आपल्या प्रबंधात तिनं तसं नोंदवायचं. जिथे डिस्चार्जचा गोंधळ सर्वांत जास्त, तिथल्याच व्यवस्थापकाला वेळ मिळाला नसेल, अशी शक्यताही तिथेच लिहायची.

आणि ज्यांनी तीनची वेळ दिली, त्यांच्या केबिनबाहेर पावणेतीनला जाऊन बसायचं. तीन वाजून वीस मिनिटांनी बोलावणं आलं, तर ‘आता आपल्याकडे किती मिनिटं आहेत?’ हा पहिला प्रश्न. तिनं पंचवीस सांगितली, तर आठांतले कोणते पाच प्रश्न विचारायचे, हे बाहेर बसल्या बसल्याच ठरवून ठेवायचं.