लिफ्टचा मेंटेनन्स दरवर्षी ६ हजारांनी वाढणार, मग आज एकरकमी पैसे भरणं फायद्याचं आहे का?

समजा, एका हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या देखभाल कराराचा, म्हणजे एएमसीचा विषय निघालाय. ठेकेदाराचं पत्रक सगळ्यांच्या हातात आहे. पहिल्या वर्षी ६०,००० रुपये, त्यानंतर दरवर्षी ६,००० रुपयांची वाढ, करार १० वर्षांचा. म्हणजे दुसऱ्या वर्षी ६६,०००, तिसऱ्या वर्षी ७२,००० आणि दहाव्या वर्षी १,१४,०००.

पत्रकात खाली आणखी एक पर्याय दिलाय. आजच ६,१०,००० रुपये एकरकमी भरा आणि १० वर्षं निश्चिंत व्हा. दहा वर्षांची बेरीज ८,७०,००० होते, म्हणजे २,६०,००० रुपयांची बचत!

ऑफर भारी वाटते. पण ही बचत खरी आहे का?

बेरजेत काय चुकतं?

बेरीज बरोबर आहे, पण तुलना चुकीची आहे. ६,१०,००० आज द्यायचे आहेत आणि ८,७०,००० पुढच्या दहा वर्षांत थोडे थोडे. तोपर्यंत सोसायटीचे पैसे बँकेत एफडीवर व्याज मिळवत राहतात.

व्याजदर वर्षाला ७ टक्के धरूया. दहा वर्षांनी १,१४,००० रुपये द्यायचे असतील, तर त्यासाठी आज फक्त ५७,९५२ रुपये एफडीत ठेवले तरी पुरतं. भविष्यात द्यायच्या रकमेची अशी आजची किंमत म्हणजे तिचं 'वर्तमान मूल्य'.

आता पहिल्या वर्षाच्या शेवटी द्यायचे ६०,००० बघा. त्यांचं वर्तमान मूल्य ५६,०७५ रुपये. म्हणजे कागदावर दहाव्या वर्षाचा खर्च पहिल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट दिसतो, पण आजच्या पैशात दोन्हींमध्ये दोन हजारांचाही फरक नाही. पत्रकातली बेरीज नेमकी हीच गोष्ट लपवते.

पायरीचा हिशोब

दरवर्षी ठरावीक रकमेने वाढणाऱ्या खर्चाला अंकगणिती श्रेणी म्हणतात. तिचं वर्तमान मूल्य काढायला दहा वेगवेगळे हिशोब करायची गरज नाही. खर्चाचे दोन भाग पाडले की काम होतं.

पहिला भाग सपाट आहे: दहाही वर्षं प्रत्येकी ६०,०००. दुसरा भाग जिन्यासारखा आहे: ०, ६,०००, १२,००० असं करत दहाव्या वर्षी ५४,०००.

हा जिना म्हणजे एकावर एक ठेवलेल्या फळ्या समजा. ६,००० ची पहिली फळी दुसऱ्या वर्षी सुरू होऊन दहाव्या वर्षापर्यंत जाते. दुसरी तिसऱ्या वर्षी सुरू होते. शेवटची नववी फळी फक्त दहाव्या वर्षापुरती. प्रत्येक फळीचं वर्तमान मूल्य काढून बेरीज केली, की जिन्याची आजची किंमत मिळते. ही सगळी बेरीज एका सूत्रात बसते:

```
P = A × [(1+i)^n − 1] / [i(1+i)^n]
  + G × [(1+i)^n − i×n − 1] / [i²(1+i)^n]
```

इथे A म्हणजे पहिल्या वर्षाचा खर्च, G म्हणजे दरवर्षीची वाढ, i म्हणजे व्याजदर आणि n म्हणजे वर्षं. ७ टक्के आणि १० वर्षांसाठी पहिला गुणक ७.०२३६ येतो, दुसरा २७.७१५६.

सपाट भाग: ६०,००० × ७.०२३६ = सुमारे ४,२१,४१५ रुपये.
जिन्याचा भाग: ६,००० × २७.७१५६ = सुमारे १,६६,२९४ रुपये.
एकूण: ५,८७,७०९ रुपये.

म्हणजे ठेकेदार मागतोय ६,१०,००० आणि कराराची आजची किंमत आहे ५,८८,००० च्या आसपास. २,६०,००० ची बचत सोडाच, सोसायटीचं २२ हजारांचं नुकसान!

थांबा, पैसे कधी द्यायचे आहेत?

इथेच बरेच जण फसतात. वरचं सूत्र असं धरून चालतं की प्रत्येक वर्षाचे पैसे वर्षाच्या शेवटी दिले जातात. पण एएमसीचे पैसे बहुतेकदा वर्षाच्या सुरुवातीलाच भरावे लागतात. तसं असेल तर प्रत्येक हप्ता एक वर्ष आधी जातो आणि एकूण रकमेला १.०७ ने गुणावं लागतं.

५,८७,७०९ × १.०७ = ६,२८,८४८ रुपये.

आता चित्र उलटलं. आगाऊ हप्त्यांच्या करारापुढे ६,१०,००० ची एकरकमी ऑफर जवळपास १९ हजारांनी स्वस्त पडते. करारातल्या 'पैसे केव्हा द्यायचे' या एका ओळीवर निर्णय फिरतो.

एक्सेलमध्येही हाच सापळा आहे. NPV हे फंक्शन पहिली रक्कम वर्षाअखेरची धरतं. B2 ते B11 मध्ये दहा वर्षांचे आकडे असतील, तर वर्षाअखेरच्या हप्त्यांसाठी पहिली ओळ वापरा, आगाऊ हप्त्यांसाठी दुसरी:

```
=NPV(7%, B2:B11)
=B2 + NPV(7%, B3:B11)
```

आणखी दोन चुका

पहिली चूक वाढ मोजण्याची. वाढ दुसऱ्या वर्षापासून सुरू होते, पहिल्या वर्षी ती शून्य असते. पहिल्याच वर्षी ६६,००० धरले, तर सगळा जिना एका पायरीने वर सरकतो आणि उत्तर ४२ हजारांनी फुगतं. ताळा सोपा आहे: दहाव्या वर्षापर्यंत वाढ दहा वेळा नाही, नऊच वेळा होते. म्हणून शेवटचा आकडा १,१४,००० च आला पाहिजे.

दुसरी चूक '६,००० ची वाढ' आणि '१० टक्के वाढ' एकच समजण्याची. पहिल्या वाढीला दोन्ही सारख्याच दिसतात. पण टक्केवारीत वाढीवरही वाढ लागते, त्यामुळे दहाव्या वर्षीचा हप्ता १,१४,००० ऐवजी सुमारे १,४१,५०० होतो. वर्षाअखेरच्या हप्त्यांनी वर्तमान मूल्यही ५,८८,००० वरून ६,३७,००० वर जातं. अशा करारासाठी वरचं सूत्र चालत नाही, कारण ती अंकगणिती नाही, भूमितीय श्रेणी आहे. करारात रुपये लिहिलेत की टक्के, हे आधी वाचा.

मग सोसायटीने काय करावं?

आगाऊ हप्ते असतील तर एकरकमी ऑफर स्वस्त आहे, पण ७ टक्के दराने. सोसायटीला एफडीवर ८ टक्के मिळत असतील, तर त्याच आगाऊ करारांची आजची किंमत ६,०३,००० वर येते आणि ६,१०,००० देणं पुन्हा तोट्याचं ठरतं. फक्त एक टक्क्याने उत्तर बदलतं, म्हणून दर अंदाजाने न धरता सोसायटीला खरोखर मिळणारा दर घ्यायला हवा.

आणि एक गोष्ट सूत्रात येत नाही. ठेकेदाराने चौथ्या वर्षी काम सोडलं, तर हप्त्यांच्या करारात पुढचे पैसे सोसायटीकडेच राहतात. एकरकमी भरलेले मात्र परत मागत बसावं लागतं. १९ हजारांच्या बचतीसाठी ही जोखीम घ्यायची का, हा प्रश्न सभेने मतदानाआधी ठेकेदारालाच विचारावा: काम मध्येच थांबलं तर उरलेल्या वर्षांचे पैसे परत मिळतील, असं लेखी देणार का?