बिनतारी डोअरबेल

बिनतारी डोअरबेल ही दाराबाहेरील बटण आणि घरातील घंटा यांना तारेऐवजी रेडिओ लहरींनी जोडणारी घंटा होय. बटणाच्या डबीत छोटा प्रेषक व सेल असतो, तर घंटेत ग्राहक, स्पीकर आणि सुरांची साठवण असते. घंटा भिंतीवरील सॉकेटमधून किंवा स्वतःच्या सेलवर चालते. बटण दाबूनही घंटा न वाजणे हा या उपकरणातील नेहमीचा बिघाड आहे. बटणातील सेल क्षीण होणे, अंतर किंवा अडथळा वाढणे आणि घंटेच्या स्मृतीतून बटणाचा संकेत पुसला जाणे ही त्याची तीन प्रमुख कारणे आहेत.

कार्यपद्धती

अनेक बिनतारी डोअरबेल ४३३.९२ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर चालतात. बटण दाबताच प्रेषक एक ठरावीक अंकीय संकेत काही वेळा पाठवतो. ईव्ही१५२७ या प्रचलित चिपमध्ये ओळखीचा संकेत २० बिटांचा असतो. म्हणजे त्याचे सुमारे साडेदहा लाख प्रकार संभवतात. घंटा केवळ आपल्या स्मृतीत नोंदवलेल्या संकेतालाच प्रतिसाद देते. त्यामुळे शेजारच्या घरातील बटणाने आपली घंटा सहसा वाजत नाही.

क्षीण सेल

बटणात साधारणतः १२ व्होल्टचा २३ए हा छोटा नळकांडी सेल किंवा ३ व्होल्टचा सीआर२०३२ हा चपटा सेल असतो. सेल उतरू लागला की घंटा एकाएकी बंद पडत नाही. प्रथम तिचा पल्ला कमी होतो. बटण दोन-तीनदा दाबावे लागणे किंवा दाराशी न वाजणारी घंटा जवळून वाजणे ही त्याची लक्षणे होत.

बटणावरील दिवा लागणे हा सेल चांगला असल्याचा पुरावा नव्हे. दिव्याला अल्प विद्युतप्रवाह पुरतो, मात्र पुरेशा शक्तीने संकेत पाठवण्यासाठी तो अपुरा पडू शकतो. मल्टिमीटरने नुसता बाहेर काढलेला सेल मोजल्यासही फसगत होते, कारण भार नसताना उतरलेला सेलही बऱ्यापैकी व्होल्टता दाखवतो. म्हणून सेल डबीत असताना, बटण दाबून धरून मोजणी करावी.

अंतर व अडथळे

वेष्टनावर छापलेला पल्ला मोकळ्या जागेतील असतो. सळ्यांच्या काँक्रीट भिंती, धातूचे सुरक्षा दार आणि फ्रिजसारख्या मोठ्या धातूच्या वस्तू लहरी अडवतात. बटण थेट लोखंडी चौकटीवर बसवल्यास त्याच्या अँटेनाची कार्यक्षमता घटते. ते लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवल्याने बहुधा फरक पडतो.

निदानाचा क्रम

क्षीण सेल आणि जास्त अंतर यांची लक्षणे सारखीच दिसतात. त्यामुळे चाचण्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम घंटेवरील सूर बदलण्याची कळ दाबावी. सूर वाजल्यास घंटेचा वीजपुरवठा व स्पीकर ठीक आहेत. नंतर बटण घंटेपासून एक-दोन मीटरवर आणून दाबावे. येथे घंटा वाजल्यास संकेत नोंदलेला आहे आणि दोष सेल किंवा अंतराचा आहे. नवा सेल घालून दाराशी पुन्हा पाहिल्यास या दोहोंतील नेमके कारण कळते. नव्या सेलनेही जवळून घंटा न वाजल्यास प्रथम सेलची दिशा आणि स्पर्शपट्ट्यांवरील गंज तपासावा, मग संकेताची पुनर्नोंदणी करावी.

उदाहरणार्थ, एका सदनिकेत घंटा दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, फ्रिजमागील सॉकेटवर हलवली आणि काही आठवड्यांनी ती वाजेनाशी झाली. बटणाचा दिवा लागतो व घंटा जवळून वाजते. अर्थात संकेत शाबूत आहे. सेल बाहेर काढून मोजल्यास १०.८ व्होल्ट, पण बटण दाबल्यावर ७ व्होल्ट भरतात. नवा सेल घातल्यावर घंटा दाराशी वाजते, परंतु सुरक्षा दार बंद असताना कधी कधी चुकते. येथे दोन कारणे एकत्र आली आहेत: सेल उतरला होता आणि जागाही प्रतिकूल आहे. घंटा पूर्वीच्या सॉकेटवर आणल्यावरच दोष पूर्ण दूर होतो. केवळ सेल बदलून थांबल्यास तो थोडा उतरताच तक्रार परत आली असती.

संकेताची पुनर्नोंदणी

बटणातील सेल बदलल्याने संकेत साधारणतः बदलत नाही. मात्र काही घंटांची स्मृती वीज गेल्यावर पुसली जाते. घंटेवरील ठरावीक कळ काही सेकंद दाबून धरल्यास सूर वाजून किंवा दिवा लुकलुकून नोंदणी सुरू झाल्याचे कळते. त्या अल्प अवधीत बटण दाबले की संकेत नोंदला जातो. नोंदणी घंटेजवळच करावी, म्हणजे अंतराचा दोष मिसळत नाही. अनेक नमुन्यांत तीच कळ अधिक वेळ दाबल्यास सर्व नोंदी पुसल्या जातात; अशा वेळी दुसऱ्या दाराचे बटणही पुन्हा नोंदवावे लागते. पुनर्नोंदणीनंतरही जवळून घंटा न वाजल्यास प्रेषक किंवा ग्राहक यांपैकी एक निकामी झालेला असतो.