फोन बदलला, कोटेशन कुठे गेले?

व्हॉट्सॲप बिझनेसवर आलेली ऑर्डर नेमकी कुठे साठवलेली असते, असे विचारले तर बरेच दुकानदार म्हणतात, ‘कंपनीकडे असेल की.’ ती तिथे नसते. निरोप समोरच्याला पोहोचला की कंपनीच्या सर्व्हरवरून तो जातो, आणि पोहोचला नाही तर फार तर ३० दिवस तिथे थांबतो. गेल्या दिवाळीपासून दिलेले भाव, मापे, डिझाइनचे फोटो हे सगळे काउंटरवरच्या त्या एका फोनमध्ये असते, आणि घेतला असेल तर त्याच्या बॅकअपमध्ये.

ग्रिल-गेट बनवणारे एखादे वर्कशॉप डोळ्यांसमोर आणू. गिऱ्हाइकाने गेटचा फोटो पाठवला. काउंटरवरच्या मुलाने भाव कळवला: किलोला ११० रुपये, अंदाजे वजन १८० किलो, म्हणजे १९,८०० रुपये अधिक जीएसटी, भाव १५ दिवस कायम. गिऱ्हाइकाचे उत्तर आले, ‘ओके, करा’. त्यामागून एक व्हॉइस नोट आली, की बिजागऱ्या डावीकडे घ्या आणि खाली दोन इंच मोकळे सोडा. गेट चुकेल की बरोबर येईल हे त्या व्हॉइस नोटवर ठरणार, आणि ती कुठल्याही वहीत उतरलेली नाही.

दोन दिवसांनी फोनचा स्क्रीन फुटतो. मालक नवा फोन आणतो, मुलगा त्यात सिम टाकतो, ॲप उतरवतो, ओटीपी देतो. स्क्रीनवर विचारणा येते: बॅकअपमधून जुने चॅट आणायचे का? समोर गिऱ्हाईक उभे असते, रिस्टोअरला वेळ लागणार असतो, म्हणून तो Skip दाबतो. नंतर निवांत आणू, असे त्याला वाटते. पण ॲपमध्ये ‘नंतर’चे बटणच नाही. ही विचारणा नंबर नोंदवतानाच होते; पुन्हा हवी तर ॲप काढून नव्याने टाकावे लागते. तोवर रोजचा बॅकअप चालू केलेला असेल, तर रात्री या रिकाम्या फोनचाच बॅकअप गूगल खात्यावर जाऊन बसतो. एका नंबरचा त्या खात्यावर एकच बॅकअप राहतो, त्यामुळे नवा बसला की जुना गेला. चौथ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणते, ‘भाव तर १०५ सांगितला होता.’ आता दाखवणार काय?

अशा वेळी बहुतेक जण नव्या फोनशी झटापट करत बसतात. उपाय जुन्या फोनमध्ये असतो. फुटक्या स्क्रीनचा का होईना, तो चालत असेल आणि पुसलेला नसेल तर चॅट अजून त्यातच आहेत. शिवाय अँड्रॉइड फोन स्वतःच्या मेमरीतही रोज रात्री दोनच्या सुमारास एक प्रत ठेवतो आणि साधारण शेवटच्या सात दिवसांच्या प्रती सांभाळतो. फाइल मॅनेजरमध्ये त्या इथे सापडतात:

```
Android/media/com.whatsapp.w4b/WhatsApp Business/Databases
```

हा ‘WhatsApp Business’ फोल्डर नव्या फोनमध्ये त्याच जागी ठेवून मग ॲप टाकले, की त्याच नंबरवर त्यातून रिस्टोअर करता येते. म्हणूनच जुना फोन त्याच दिवशी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकण्याची घाई महागात पडते. महिनाभर तो गल्ल्याच्या खणात पडू द्यावा.

आता हेच काम नीट कसे होते ते पाहू. दुकान बंद झाल्यावर, फोन चार्जिंगला आणि वायफायला लावून ॲपच्या सेटिंगमध्ये Chats आणि मग Chat backup उघडायचे. तिथे तीन गोष्टी वाचायच्या. पहिली, शेवटच्या बॅकअपची तारीख. ती तीन महिने जुनी निघाली तर गूगल खाते भरलेले असण्याची शक्यता मोठी. मोफत जागा १५ जीबी असते आणि व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. दुसरी, व्हिडिओ बॅकअपमध्ये घ्यायचे की नाही याचे बटण. गिऱ्हाईक साइटचे व्हिडिओ पाठवत असेल तर ते चालू हवे. तिसरी गोष्ट म्हणजे बॅकअप कुणाच्या गूगल खात्यात जातो. माझ्या मते खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. फोन दुकानाचा, सिम दुकानाचे, पण सुरुवातीला ॲप लावून देणाऱ्या मुलाने स्वतःचा जीमेल टाकलेला असतो. तो नोकरी सोडून गेला की बॅकअपही त्याच्याबरोबर जातो, कारण रिस्टोअरला नंबर आणि गूगल खाते दोन्ही तेच लागते. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावलेला असेल आणि तो त्यालाच ठाऊक असेल, तर कंपनीही तो काढून देऊ शकत नाही.

खाते दुकानाचे करून ताजा बॅकअप घेतला की दोन अँड्रॉइड फोन शेजारी ठेवून Transfer chats मधून क्यूआर कोड स्कॅन करता येतो. चॅट इंटरनेटवर न जाता थेट दुसऱ्या फोनमध्ये उतरतात. (अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना मात्र गूगलवरचा बॅकअप उपयोगी पडत नाही, त्यासाठी ॲपलच्या Move to iOS ॲपचा मार्ग आहे.) त्यानंतरची तपासणी सहसा कुणी करत नाही. चॅटची यादी दिसली म्हणजे सगळे आले असे नसते; मजकूर आधी येतो, फोटो आणि आवाज मागून. सहा महिन्यांपूर्वीची एक ऑर्डर शोधा, तिचे पीडीएफ उघडा, एखादी व्हॉइस नोट वाजवून बघा. फोटो धूसर दिसून त्यावर डाउनलोडचा बाण राहिला असेल, तर तो अजून आलेला नाही.

अर्थात, दर वेळी हे सगळे करायला लागू नये अशीही मांडणी करता येते. दुकानाचे सिम मालकाच्या ताब्यातल्या एका फोनमध्ये ठेवायचे आणि काउंटरवरच्या, साइटवरच्या मुलांना त्यांच्या फोनवर किंवा संगणकावर Linked devices मधून जोडायचे. अशी चार साधने जोडता येतात. मग मुलाने फोन बदलला, हरवला किंवा नोकरी सोडली, तरी मूळ नोंद मालकाच्या फोनमध्ये राहते आणि एका टिचकीत त्याचे साधन बाहेर काढता येते. मर्यादा दोन. मुख्य फोन १४ दिवस वापरलाच नाही तर जोडलेली साधने आपोआप बाहेर पडतात. आणि गिऱ्हाइकाला सगळी उत्तरे एकाच नावाने जात असल्याने भाव कुणी दिला ते कळत नाही. निरोपाखाली नावाचे आद्याक्षर टाकायची सवय लावावी लागते.

सेल्समन स्वतःच्या नंबरवरून ऑर्डरी घेत असेल तर ही सोय नाही. तो नंबर त्याचा, चॅट त्याचे. जाण्याआधी त्याच्याकडून फार तर चालू गिऱ्हाइकांचे Export chat मागून घेता येते. फोटोंसह केले तर शेवटचे १०,००० निरोप येतात, फोटोंविना ४०,०००. हाती पडते ती साधी मजकुराची फाइल. ती वाचता येते, पण परत ॲपमध्ये घालता येत नाही. आणि कुणीही बसून बदलू शकेल अशी ती असल्याने, वाद कोर्टात गेला तर तेवढ्यावर भागणे कठीण. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि ती नोंद कुठल्या उपकरणातून घेतली तेही त्यात लिहावे लागते. रक्कम मोठी असेल तर ज्या फोनवर होकार आला तो फोन विकू नये.

गेटवाल्या वर्कशॉपला यापेक्षा सोपी एक गोष्ट जमण्यासारखी आहे. ‘ओके, करा’ आले की मुलाने व्हॉइस नोट ऐकून सगळे एका निरोपात परत लिहायचे: कोटेशन नंबर २१४, गेट १८० किलो, ११० रुपये दर, बिजागऱ्या डावीकडे, खाली दोन इंच मोकळे, ॲडव्हान्स ८,०००. गिऱ्हाइकाने त्यावर ‘बरोबर’ म्हटले की तीच ओळ त्याच संध्याकाळी ऑर्डरच्या रजिस्टरमध्ये किंवा एक्सेलमध्ये उतरवायची. फोन मग उद्या सकाळी पाण्याच्या टाकीत पडला, तरी कारागिराला बिजागरी कुठल्या बाजूला ते विचारायला गिऱ्हाइकाच्या घरी जावे लागत नाही.