मुलाला सट्ट्याचा नाद: घरची पुंजी राखताना होणारे पाच गैरसमज

उदाहरणादाखल एक घर घेऊ. वडील एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून 18 लाख रुपये हाती आले. त्यांतले तीन लाख बचत खात्यात आहेत आणि 15 लाखांची मुदत ठेव वडिलांच्या एकट्याच्या नावावर, मोबाइल अ‍ॅपमधून केलेली आहे. 26 वर्षांचा मुलगा खासगी कंपनीत 24,000 रुपये कमावतो. वडिलांना स्मार्टफोन त्यानेच शिकवला, बँकेचं अ‍ॅप त्यानेच टाकून दिलं, यूपीआयचा पिनही त्यालाच पाठ आहे. क्रिकेटवर पैसे लावण्याचा त्याला नाद आहे, हे घरात आता कळलंय.

अशा घरात आई-वडील सहसा दोन गोष्टी करतात: शपथ घालतात आणि पैसे लपवतात. दोन्हींनी पुंजी वाचत नाही. मुलाचे हात शिवशिवायला लागल्यापासून खात्यातून पैसे निघेपर्यंत मध्ये दुसरं माणूस यावं लागतं, किंवा निदान काही तास तरी जावे लागतात. पुढच्या प्रत्येक उपायामागे हाच विचार आहे.

गैरसमज 1: सरकारने बंदी घातली, आता काळजी नाही.

वस्तुस्थिती: ऑनलाइन गेमिंगविषयीच्या कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, त्यांची जाहिरात आणि त्यांचे पैसे पोचवणं यांना या कायद्याने मनाई केली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद त्यात उरला नाही. नावाजलेल्या अ‍ॅप्सनी पैशांचे खेळ बंदही केले. पण परदेशातून चालणाऱ्या बेटिंग साइट्स नवनवी नावं घेऊन येतात आणि पैसे भरायला ‘भाड्याची’ खाती वापरतात, म्हणजे कुणातरी तिसऱ्याच माणसाच्या नावावरची.

म्हणून पासबुकात बेटिंग कंपनीचं नाव शोधू नका, ते दिसणार नाही. दिसेल ते असं: अनोळखी व्यक्तींच्या किंवा कधी न ऐकलेल्या फर्मच्या नावावर गेलेल्या 500, 1000, 2000 अशा ठोक रकमा, एकाच रात्री तासाभरात पाच-सहा वेळा, दर आठवड्याला नवं नाव, मधूनच एखादी रक्कम परत जमा. अशा नोंदी सामन्यांच्या संध्याकाळी दाटीने येत असतील तर शंकेला जागा उरत नाही.

पासबुकातून निसटणारी एक वाट म्हणजे यूपीआय लाइट. त्यात पाच हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि एका वेळी हजार रुपयांपर्यंत पिन न टाकता देता येतात. पासबुकात फक्त ‘भरणा’ दिसतो. तिथून पैसे कुणाला गेले ते अ‍ॅप उघडल्याशिवाय कळत नाही. वडिलांच्या फोनमध्ये लाइट चालू असेल तर आधी बंद करा.

गैरसमज 2: पिन बदलला, आता पैसे सुरक्षित.

वस्तुस्थिती: यूपीआयचा नवा पिन ठेवायला जुना पिन माहीत असावा लागत नाही. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत संपण्याची तारीख आणि बँकेत नोंदवलेल्या सिमवर येणारा ओटीपी एवढ्यावर काम होतं. काही बँका सोबत एटीएमचा पिन मागतात. घरातल्या माणसाला कार्ड पाकिटात सापडतं आणि फोन उशाशी. वडील दुपारी झोपले की पाच मिनिटांत नवा पिन तयार.

असे पैसे गेल्यावर बँक भरून देईल, ही आशाही ठेवू नये. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे तिसऱ्याच कुणी केलेल्या फसवणुकीत, तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर, ग्राहकाला संरक्षण मिळतं. पण ग्राहकाने स्वतःच पिन दुसऱ्याला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. मुलाला पिन सांगणं यातच मोडतं.

म्हणून कुलूप पिनला लावण्याऐवजी खात्याला लावा. वडिलांनी दोन खाती ठेवावीत. रोजच्या खर्चाचं खातं स्मार्टफोनवर, त्यात महिनाभर पुरेल एवढीच रक्कम. मोठं खातं वेगळ्या सिमवर नोंदवावं. ते सिम साध्या बटनांच्या फोनमध्ये, आईपाशी. एकच नंबर दोन्ही खात्यांना दिला तर यूपीआय अ‍ॅप त्या नंबरवरचं दुसरं खातंही शोधून काढतं, म्हणून सिम वेगळंच हवं. मोठ्या खात्याचं डेबिट कार्ड शाखेत परत करावं आणि नेट बँकिंग बंद करून घ्यावं, किंवा फक्त पाहण्यापुरतं ठेवावं. आता पैसे काढायचे तर शाखेत जाऊन स्लिप भरावी लागेल. रात्री अकराला, सामन्याच्या शेवटच्या षटकात, शाखा उघडी नसते.

गैरसमज 3: खातं जॉइंट आहे, दोघांशिवाय कुणी हात लावू शकत नाही.

वस्तुस्थिती: नावं दोन असली म्हणजे सह्या दोन लागतातच असं नाही. खातं उघडताना व्यवहार कोण करणार याचा पर्याय निवडावा लागतो. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघांपैकी कुणीही एकट्याने पैसे काढू शकतं, आणि बहुतेक घरांत हाच पर्याय निवडलेला असतो. ‘जॉइंटली’ म्हणजे प्रत्येक वेळी दोघांची सही. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत या दोन प्रकारांना ‘जॉइंट बी’ आणि ‘जॉइंट ए’ म्हणतात. आपल्याला हवा तो ‘ए’.

मुदत ठेवीचं आणखी बारकाईने पाहावं. एकट्याच्या नावावर अ‍ॅपमधून केलेली ठेव अ‍ॅपमधूनच दोन-चार बोटांत मोडते. ती न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्टही काढता येतो, आणि ठेव जागेवर दिसत असल्याने घरच्यांना कित्येक महिने पत्ता लागत नाही. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ ठेव मुदतीआधी मोडायला दोघांची सही लागते खरी, पण एकाने मोडली तरी चालेल अशी संमती बऱ्याच फॉर्मवर आधीच घेतलेली असते. ठेवीची पावती काढून पर्याय वाचा.

आपल्या उदाहरणातले 18 लाख आता असे मांडता येतील. दहा लाख पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. वय 60 पूर्ण असेल तर ती केव्हाही घेता येते. 55 नंतर निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. 2025 मध्ये तिचा दर 8.2 टक्के होता, त्या हिशेबाने दर तिमाहीला 20,500 रुपये व्याज येतं. मुदत पाच वर्षांची. वर्षाच्या आत बंद केली तर मिळालेलं व्याज परत कापलं जातं, पुढे दीड ते एक टक्का वजावट होते. इथे ही वजावट आपल्या बाजूने काम करते, कारण तिच्यामुळे घाईचा निर्णय महाग पडतो. पाच लाखांची मुदत ठेव आई-वडिलांच्या नावे, ‘जॉइंटली’. अडीच लाख अडीअडचणीला त्या मोठ्या बचत खात्यात. पन्नास हजार रोजच्या खात्यात, आणि ते संपले तर महिन्यातून एकदाच भरायचे. जुनी ठेव मोडताना थोडं व्याज जाईल. ते जाऊ द्यावं.

या मांडणीतली कच्ची जागा म्हणजे सही करणारी माणसं. मुलगा आईपाशी रडला, आईने वडिलांना गळ घातली, की दोन्ही सह्या मिळतात. म्हणून दोघांनी आधीच ठरवून ठेवावं: पैशाची मागणी आली की त्या दिवशी हो म्हणायचं नाही, दोन दिवसांनी दोघांनी मिळून उत्तर द्यायचं.

गैरसमज 4: एकदा सगळं कर्ज फेडून टाकू, मग तो सुधारेल.

वस्तुस्थिती: मुलगा सांगतो तो आकडा बहुधा पूर्ण नसतो. त्याने तुमच्यासमोर बसून स्वतःचा पतअहवाल काढावा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था दर कॅलेंडर वर्षी एक पूर्ण अहवाल फुकट देतात. अ‍ॅपवरची लहान कर्जं, हप्त्यावरचा फोन, क्रेडिट कार्ड त्यात दिसतं. मित्र, सावकार आणि भिशीची देणी दिसत नाहीत. ती वेगळी लिहून घ्या.

समजा तीन अ‍ॅपची मिळून 1,40,000 आणि कार्डाचे 60,000 निघाले. वडिलांनी दोन लाख मुलाच्या खात्यात टाकले तर गेलेले पैसे एका सामन्यात परत मिळवू, या आशेने ते पुन्हा डावावर लागू शकतात. कार्डाचे 60,000 थेट बँकेत भरले तरी कार्ड चालूच राहिलं तर तेवढीच मर्यादा त्याच्या हातात परत मोकळी होते. म्हणजे घरच्या पुंजीतून पुढच्या सट्ट्याची सोय झाली.

फेडायचंच असेल तर पैसे थेट कर्ज देणाऱ्याच्या खात्यात भरावेत. कार्डाची बाकी शून्य करतानाच ते बंद करण्याचा अर्ज द्यावा; बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. प्रत्येक कर्जाचं ‘नो ड्यूज’ पत्र घ्यावं. आणि शक्यतो निवृत्तीच्या रकमेला हात न लावता हप्ते मुलाच्या पगारातून जावेत. 24,000 मधून महिना आठ हजार गेले तर वर्षाला 24 टक्के व्याज धरून सुमारे तीन वर्षांत, व्याज त्याहून चढं असेल तर आणखी उशिराने, हे कर्ज उतरतं.

गैरसमज 5: मुलाचं कर्ज बापाला फेडावंच लागतं.

वस्तुस्थिती: सज्ञान मुलाने स्वतःच्या नावावर घेतलेल्या कर्जाला आई-वडील बांधील नसतात. वसुलीवाले वडिलांना फोन करून धमकावत असतील तर ते नियमाबाहेर आहे. कर्जदाराच्या नातेवाइकांना त्रास द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि खुद्द कर्जदारालाही सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही.

जबाबदारी येते ती सही केल्यावर. पतसंस्थेत ‘नुसती जामीनदाराची सही करा’ म्हणून वडिलांना नेलं जातं. करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघाला की जामीनदाराच्या मालमत्तेवरही टाच येऊ शकते. सहकर्जदार आणि जामीनदार या दोन जागी सही करायची नाही, हे घरात एकदाच स्पष्ट सांगून टाकावं. आईचं सोनं असेल तर लॉकर आई आणि वडिलांच्या नावे, दोघांनी मिळून उघडायचा असा ठेवावा. कारण सोनेतारण कर्ज तासाभरात मिळतं.

हे सगळं मुलाच्या पाठीमागे करू नये. कोणतं खातं का बदललं ते त्याला सांगावं, म्हणजे चोरून मागण्याची आणि खोटं बोलण्याची वाट बंद होते. जुगाराचा विकार हा जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगयादीत नोंदलेला आजार आहे आणि त्यावर मानसोपचार आहेत. टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येतं. पैशाच्या वाटा बंद झाल्यावर तो जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

सुरुवात करायला एक सकाळ पुरते. पासबुक, ठेवीच्या पावत्या आणि डेबिट कार्ड घेऊन आई-वडिलांनी दोघांनी शाखेत जावं. गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट छापून घ्यावं, प्रत्येक ठेवीचा पर्याय विचारावा आणि ठेवीवर ओव्हरड्राफ्ट निघालाय का ते त्याच खिडकीवर तपासून घ्यावं.