साडेतीन हजार रुपयांत एक जीव

गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत १९९५ ते १९९८ या काळात एक प्रयोग झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, जन्मल्यावर श्वास घेत नसेल तर तो सुरू करून देणे, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर घरीच अँटिबायोटिक देणे, इंजेक्शनसुद्धा, ही त्यांची कामे होती. शेजारच्या ४७ गावांत असे काही केले नाही. ती गावे तुलनेसाठी होती.

१९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. प्रयोगाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५ वर आला. एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण दोनशे रुपये. आणि १८ बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता. अठरा दोनशे छत्तीसशे. सुमारे साडेतीन हजार रुपयांत एक जीव.

सरकारी कार्यक्रमांच्या मूल्यमापनात ज्याला खर्च-परिणामकारकता विश्लेषण किंवा कॉस्ट-इफेक्टिव्हनेस म्हणतात, ते मुळात एवढेच आहे. वर खर्च रुपयांत, खाली परिणाम त्याच्या स्वतःच्या मापात: टळलेले मृत्यू, बरे झालेले क्षयरुग्ण, वाचलेली वर्षे. परिणामाचे पैसे करायचे नाहीत, हा त्याचा नियम. जीव हा जीवच राहतो. त्यामुळे डॉक्टरांना ही पद्धत सोयीची वाटते. जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्ष वाढवावा की गावोगाव अशा कार्यकर्त्या नेमाव्यात, असा प्रश्न असेल, तर दोन्हीकडचा एका टळलेल्या मृत्यूमागचा खर्च शेजारी शेजारी मांडता येतो. ध्येय एकच असते, मार्ग वेगळे असतात.

मात्र असा आकडा वाचताना छेदात काय आहे ते आधी पाहावे. गडचिरोलीच्या हिशोबातले '१८ बाळांमागे एक' हे गणित नवजात मृत्यू आणि मृतजन्म दोन्ही धरून आहे. फक्त जिवंत जन्मलेल्या बाळांचे मृत्यू मोजले, तर ६२ वरून २५.५ म्हणजे हजारामागे साधारण ३७ मृत्यू कमी झाले. म्हणजे सुमारे २७ बाळांमागे एक, आणि खर्च साडेतीन हजारांऐवजी साडेपाच हजारांच्या घरात. यात फसवणूक कोणाचीही नाही. मूळ लेखात दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. पण एक आकडा मृतजन्म धरून काढलेला आणि दुसऱ्या कार्यक्रमाचा न धरता काढलेला, अशी तुलना सरकारी टिपणांत सर्रास होते. अंशाचेही तसेच. प्रशिक्षण, देखरेख, औषधे, वरच्या डॉक्टरचा वेळ यातले काय धरले आणि काय 'आधीपासून होतेच' म्हणून सोडून दिले, यावर खर्च दुप्पटही होतो आणि निम्माही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. साडेतीन हजार रुपये हे कमी की जास्त, हे ही पद्धत स्वतः सांगत नाही. ती क्रम लावते. पैसे खर्च करावेत की नाही, ते तिच्या बाहेर ठरते. त्यासाठी मग उंबरठा आणला जातो. बरीच वर्षे जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने एक मोजपट्टी वापरली गेली: निरोगी आयुष्याचे एक वर्ष वाचवायला देशाच्या दरडोई उत्पन्नापेक्षा कमी खर्च येत असेल तर कार्यक्रम फारच किफायतशीर, तिपटीपर्यंत असेल तरी किफायतशीर. पुढे संघटनेच्याच तज्ज्ञांनी या पट्टीवर एकटीवर निर्णय घेऊ नका, असे बजावले. गडचिरोलीत अडचण आली नसती. वाचलेले बाळ साठ वर्षे जगले, तर व्याजाचा हिशोब बाजूला ठेवून वर्षाला साठेक रुपये पडतात, आणि तेव्हा देशाचे दरडोई उत्पन्न दहा हजारांच्या वर होते. पण उंबरठा आला की जिवाची किंमत मागच्या दाराने आत येते. 'जिवाचे पैसे करत नाही' म्हणणारी पद्धत 'इतक्या रुपयांपर्यंतच जीव वाचवू' असे म्हणू लागते.

तिसरी मर्यादा आरोग्यखात्याच्या हद्दीबाहेर गेल्याशिवाय दिसत नाही. उदाहरणासाठी दोनशे घरांचे एक गाव घेऊ. तिथे नळयोजना करायची आहे. बांधणी आणि देखभाल मिळून वर्षाला आठ लाख रुपये पडतात, असे समजू. स्वच्छ पाण्यामुळे जुलाबाने होणारा एक बालमृत्यू चार वर्षांत टळतो. आरोग्याच्या वहीत ही योजना लिहिली तर एका मृत्यूमागे ३२ लाख रुपये. गडचिरोलीच्या साडेतीन हजारांपुढे ती कुठेच उभी राहत नाही आणि पहिल्याच बैठकीत बाद होते.

पण त्या गावातली बाई रोज दीड तास पाण्यासाठी चालते. दोनशे घरांचे मिळून दिवसाला तीनशे तास, वर्षाला एक लाखाहून जास्त. तासाला वीस रुपये धरले तरी जवळपास २२ लाख रुपयांचा वेळ वाचला, आठ लाखांच्या खर्चात. मृत्यू मोजणाऱ्या वहीत या तासांना रकानाच नाही. खर्च-लाभ विश्लेषणात, म्हणजे कॉस्ट-बेनिफिटमध्ये, तो असतो. कारण तिथे दोन्ही बाजू रुपयांत येतात आणि वेळ, आरोग्य, शाळेतली हजेरी या सगळ्यांची बेरीज करता येते. पाणी आणि स्वच्छता योजनांचा असा हिशोब जागतिक आरोग्य संघटनेसाठी २००४ साली झाला, तेव्हा लाभात सर्वांत मोठा वाटा वाचलेल्या वेळेचाच निघाला. नळयोजना, शाळा आणि बाळाची काळजी या तिन्ही गोष्टी एकाच अर्थसंकल्पात तोलायच्या असतील तर दुसरा तराजू नाही. अर्थात बाईच्या तासाला वीस रुपये हे कोणीतरी ठरवलेले असते. 'तिला दुसरे काम तरी काय आहे' म्हणून शून्य धरणारे अधिकारीही असतात, आणि मग योजना तोट्यात जाते.

तासाला किंमत लावताना एवढे होते, तर जिवाला लावताना काय होत असेल? एक जुनी रीत अशी: माणूस आयुष्यात जितके कमावेल तितकी त्याची किंमत. गडचिरोलीतले वाचलेले बाळ अठराव्या वर्षी मजुरीला लागेल आणि साठाव्या वर्षापर्यंत वर्षाला बारा हजार रुपये मिळवेल, असे त्या काळाच्या अंदाजाने धरू. हे पैसे पुढे कधीतरी यायचे आहेत, म्हणून त्यांची आजची किंमत काढावी लागते. हे चक्रवाढ व्याजाचे उलटे गणित आहे. दर तीन टक्के धरला तर त्या बाळाची आजची किंमत येते सुमारे १ लाख ६७ हजार. दर दहा टक्के धरला तर सुमारे २१ हजार. बाळ तेच, मजुरी तीच. बदलला तो फक्त टेबलापलीकडे बसून निवडलेला दर. किंमत मात्र आठपट घसरली. बालकांचे आणि लसीकरणाचे कार्यक्रम, ज्यांचा लाभ उशिरा येतो, ते या दराने सर्वांत जास्त मारले जातात. खर्च-लाभाचा अहवाल हातात आला की पहिल्यांदा हा दर शोधावा, आणि तो बदलल्यावर निष्कर्ष टिकतो का हे अहवालात दाखवले आहे का, तेही.

गडचिरोलीत तो टिकतो. दहा टक्क्यांनीही साडेतीन हजारांपुढे २१ हजार, म्हणजे सहापट लाभ. पण याच रीतीने शहरातल्या, वर्षाला साठ हजार कमावू शकणाऱ्या बाळाची किंमत पाचपट निघते. म्हणजे एका जिवामागे पाचपट खर्च करणारा शहरी कार्यक्रमही आदिवासी भागातल्या कार्यक्रमाइतकाच 'फायदेशीर' ठरतो. घरकाम करणाऱ्या बाईची किंमत शून्य, अपंग मुलाची शून्याच्या आसपास. यावर उपाय म्हणून लोक धोका कमी करायला किती पैसे देतील, यावरून किंमत काढतात. दहा हजार लोकांनी दहा हजारांत एक एवढा मृत्यूचा धोका टाळायला प्रत्येकी शंभर रुपये दिले, तर एका जिवाची किंमत दहा लाख झाली. मजुरीचा प्रश्न सुटला, पण ज्याच्या खिशात शंभर रुपये नाहीत त्याचा जीव याही रीतीत स्वस्तच राहतो.

लाभ कोणाचा मोजला, हेही पाहावे लागते. २००१ साली चेक प्रजासत्ताकात फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने करवून घेतलेला एक हिशोब बाहेर आला. धूम्रपानामुळे सरकारी तिजोरीला १९९९ साली ५.८ अब्ज कोरुना निव्वळ फायदा झाला, असे त्यात म्हटले होते. बेरीज-वजाबाकी बरोबर असेलही. पण जमेच्या बाजूला तंबाखूवरच्या करांबरोबर, लोक लवकर मेल्यामुळे वाचलेले पेन्शन आणि म्हातारपणीच्या उपचारांचा खर्चही होता. तिजोरी म्हणजेच समाज, असे धरले की मृत्यू जमेला येतो. मेलेल्या माणसाने गमावलेल्या वर्षांना त्या वहीत जागाच नव्हती. जगभर टीका झाली आणि कंपनीने माफी मागितली.

गडचिरोलीतली पद्धत बदललेल्या रूपात २०११ पासून 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर आली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर सहा गृहभेटी, घरी झाले असेल तर सात, आणि सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर आशाला २५० रुपये. या कार्यक्रमाच्या समर्थनार्थ जुना साडेतीन हजारांचा आकडा आजही काढला जातो. पण तो हजारामागे ६२ बाळे दगावत होती त्या गावांचा आहे. अलीकडे महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारामागे ११ च्या आसपास आला आहे. उद्या यातला प्रत्येक मृत्यू टाळता आला, तरी एका मृत्यूमागे नव्वद बाळांच्या घरी जावे लागेल. यातले निम्मे मृत्यू टळले तर एकशे ऐंशी. भाववाढ बाजूला ठेवली तरी एका जिवामागचा खर्च अनेकपट वाढला आहे. आशाचे काम बिघडल्यामुळे नव्हे, तर सहज वाचणारी बाळे आता वाचू लागली आहेत म्हणून. राज्याच्या सरासरीत न दिसणारी जी गावे अजून मागे आहेत, तिथे मात्र जुना आकडा अजूनही बराचसा जवळचा असू शकतो. त्यासाठी हिशोब राज्याचा न मांडता तालुक्याचा मांडावा लागेल.