फोटोतली बॅटरी, फोटोतला फोल्डर

जुन्या आयफोन 11 ची बॅटरी बदलायची आहे. दुकानदार व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, ‘ओरिजनल आहे’. फोटोवरून माल ओरिजनल आहे हे सिद्ध करता येत नाही, पण डुप्लिकेट आहे हे बऱ्याचदा सिद्ध करता येतं. कारण नक्कल करणारा ठळक गोष्टी हुबेहूब उतरवतो आणि चुकतो तो बारीक मजकुरात किंवा कडेच्या कामात.

सुरुवात लेबलपासून करावी. या फोनच्या मूळ बॅटरीवर तीन आकडे असतात: 3.83 व्होल्ट, 3110 एमएएच आणि 11.91 वॉट-तास. ते एकमेकांशी बांधलेले आहेत. एमएएचला हजाराने भागून व्होल्टने गुणलं की वॉट-तास मिळतात. 3.110 × 3.83 = 11.91, हिशेब जुळतो. आता समजा, फोटोतल्या बॅटरीवर ‘3510 एमएएच’ असं ठळक छापलंय आणि खाली वॉट-तास मात्र 11.91 च आहेत. 3.510 × 3.83 म्हणजे 13.44. छापणाऱ्याने गिऱ्हाइकाला भुलवणारा आकडा वाढवला, ज्याकडे कोणी बघत नाही तो तसाच ठेवला. अशा बॅटरीचा विचार तिथेच सोडावा. मूळ क्षमतेपेक्षा थोड्या मोठ्या बॅटऱ्या बाजारात खरोखर मिळतात, पण त्या ओरिजनल नसतात, आणि त्यांच्याही लेबलवर हिशेब जुळायलाच हवा.

हिशेब जुळला तरी काम संपत नाही, कारण बरोबर आकडे छापणंही अवघड नाही. म्हणून दुकानदाराला दोन बॅटऱ्या शेजारी ठेवून फोटो मागावा. प्रत्येक ओरिजनल नगाचा सिरीयल क्रमांक आणि ठिपक्यांचा चौकोनी कोड वेगळा असतो. नकली लेबलांची छपाई गठ्ठ्याने होते, त्यामुळे दोन्ही नगांवर अनेकदा एकच क्रमांक सापडतो.

कनेक्टरबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. त्याचा आकार बोर्डावरच्या सॉकेटशी जुळलाच पाहिजे, नाहीतर बॅटरी बसणारच नाही. म्हणून डुप्लिकेट बनवणाराही तो बरोबरच बनवतो. आकार चुकला तर माल दुसऱ्या मॉडेलचा आहे एवढंच कळतं. जुळला तर काहीच सिद्ध होत नाही. पाहायची ती त्याच्या आजूबाजूची पट्टी. मूळ फ्लेक्स स्वच्छ कापलेली आणि ठरलेल्या जागी वळवलेली असते. नकलेत अनेकदा कडेला कापताना उरलेले बारीक दात दिसतात, पट्टी सपाट येते आणि बसवताना हाताने वाकवावी लागते.

सोनेरी पिनांवर ओरखडे असतील, काळ्या वेष्टनावर जुन्या गोंदाचे माग किंवा दाबल्याच्या खुणा असतील, तर बॅटरी ओरिजनल असली तरी दुसऱ्या फोनमधून काढलेली असू शकते. ‘ओरिजनल’ आणि ‘नवी’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि विकणारे ते मुद्दाम एकत्र करतात. सगळ्यात चकवणारा प्रकार म्हणजे जुन्या ओरिजनल बॅटरीचा छोटा सर्किट बोर्ड काढून नव्या नकली सेलला जोडणं. अशा वेळी कनेक्टर आणि फ्लेक्स दोन्ही अस्सल असतात. संशय घ्यायचा तो सेलच्या वरच्या टोकावर. तिथली टेप नवी, वाकडी किंवा उचललेली दिसली, तर वेल्डिंग पुन्हा झालंय.

बॅटरीसारखीच तपासणी इतर फोनच्या स्क्रीनचीही करता येते. स्क्रीनचा, म्हणजे दुकानातल्या भाषेत फोल्डरचा, खरा पुरावा कडेत असतो. अॅमोलेड फोनसाठी स्वस्तातला टीएफटी फोल्डर घेतला, तर त्याला मागून प्रकाश देणारा थर लागतो. त्यामुळे तो जाड होतो आणि फ्रेमच्या वर उठून बसतो, शिवाय खालची काळी पट्टीही रुंद असते. समोरून काढलेल्या फोटोत हे लपतं, म्हणून फोन आडवा धरून कडेचा फोटो मागावा. ओरिजनल पॅनेलवर नुसती काच बदललेली असेल, तर काचेच्या कडेला गोंदाची असमान रेघ किंवा बारीक बुडबुडे दिसू शकतात. असा फोल्डर वाईटच असतो असं नाही, पण त्याचे पैसे नव्या ओरिजनलइतके देऊ नयेत.

हे सगळं दिसायला फोटो नीट हवा. उजेड तिरका पडू द्यावा, म्हणजे छपाईतले दोष आणि कडांची सावली उठून दिसते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं नेमकी तिथेच पुसट होतात, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावं. कागदाच्या चिठ्ठीवर आजची तारीख लिहून ती बॅटरीशेजारी ठेवायला सांगितली, तर दुसरीकडून उचललेला फोटो खपवता येत नाही.

बॅटरी बसवून झाली की दुकानातच सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि मग ‘अबाउट’ उघडावं. आयओएस 15.2 पासून आयफोन 11 मध्ये बदललेल्या सुट्या भागांची नोंद तिथे दिसते. बॅटरीपुढे ‘अननोन पार्ट’ आलं, तर ती नकली असू शकते किंवा दुसऱ्या फोनमधून काढलेली ओरिजनलही असू शकते. यातलं नेमकं काय असावं याचा अंदाज घ्यायला बसवण्याआधी मागवलेले फोटो पुन्हा उघडावेत, आणि पैसे त्यानंतर द्यावेत.