मशीन चालू, माल थांबलेला

भोसरी किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या मशीन शॉपमध्ये डोकावलं, तर लेथ, ड्रिल, बँडसॉ सगळं चालू असतं. कुणाला मान वर करायला फुरसत नसते. तरी ग्राहकानं 'माल कधी?' असं विचारलं की मालकाला तारीख सांगता येत नाही. याचं कारण शोधायचं तर दोन मशीनच्या मध्ये ठेवलेले क्रेट पाहावे लागतात.

समजा, 200 पिनांची ऑर्डर आहे. एका पिनेला बँडसॉवर कटिंगसाठी 1 मिनिट लागतं, लेथवर टर्निंगला 3, ड्रिलिंगला 2 आणि बर काढून गेजनं तपासायला 1. म्हणजे काम 7 मिनिटांचं. पण शॉपची रीत अशी की 200 चे 200 तुकडे कापून झाल्याशिवाय क्रेट लेथकडे जात नाही आणि सगळं टर्निंग झाल्याशिवाय ड्रिलकडे सरकत नाही. मग कटिंगला 200 मिनिटं, टर्निंगला 600, ड्रिलिंगला 400 आणि शेवटच्या कामाला 200, अशी 1,400 मिनिटं होतात. म्हणजे 23 तास 20 मिनिटं. त्यातली सात मिनिटं सोडली, तर प्रत्येक पिन निव्वळ पडून असते.

टोयोटाच्या ताईची ओहनो यांनी कारखान्यातला अपव्यय सात प्रकारांत मांडला. वाट पाहणं हा त्यातला एक. पण सर्वांत घातक त्यांनी मानलं ते गरजेपेक्षा जास्त किंवा गरजेआधी केलेलं उत्पादन, कारण त्यातूनच साठा, ने-आण आणि ताटकळणं वाढतं. आपल्या शॉपमध्ये हेच घडतं. लेथ एक पिन करते तेवढ्यात बँडसॉ तीन तुकडे कापते. मशीन बंद दिसली की मालकाला चैन पडत नाही, म्हणून बँडसॉ चालूच राहते आणि लेथपुढचा ढीग वाढत जातो. एक पिनही त्यामुळे लवकर तयार होत नाही.

आता एकच बदल करू. क्रेटऐवजी 20 पिनांचा ट्रे ठेवायचा आणि ट्रे भरला की लगेच पुढे द्यायचा. पहिले 20 तुकडे 20 मिनिटांत लेथवर पोहोचतात. लेथ तिच्या वेगानं 600 मिनिटं चालते आणि तोवर ड्रिलिंग व तपासणी मागोमाग होत राहते. लेथ थांबल्यावर शेवटच्या ट्रेचं ड्रिलिंग 40 मिनिटं आणि तपासणी 20 मिनिटं. एकूण 680 मिनिटं, म्हणजे 11 तास 20 मिनिटं. कुठल्याही मशीनचा वेग वाढवलेला नाही, तरी वेळ निम्म्याखाली आला.

दुसरा फायदा रिजेक्शनचा. टर्निंगचं माप चुकलं आणि ते ड्रिलच्या फिक्श्चरमध्ये पिन बसवताना लक्षात आलं, तर जुन्या पद्धतीत तोवर सगळ्या 200 पिना बिघडलेल्या असतात. नव्या पद्धतीत नुकसान साधारण 20 पिनांवर थांबतं.

लेथपुढे दोनच ट्रेची जागा आखून ठेवावी. ती भरली की कटिंग थांबवायचं. तिथल्या माणसानं तेवढ्या वेळात बर काढायच्या. दोन्ही कामं मिळून एका पिनेला 2 मिनिटं लागतात आणि लेथला 3, त्यामुळे एकाच माणसाला दोन्ही जमतं.

मात्र त्याच लेथवर दिवसभरात चार वेगळे जॉब घ्यायचे असतील, तर नुसत्या ट्रेनं भागत नाही. जॉब बदलताना जॉ आणि टूल बदलून माप जुळवायला दीड-दोन तास जात असतील, तर मालक एका सेटिंगमध्ये जमेल तेवढा माल काढणारच आणि बाकीचे जॉब रांगेत राहणार. अशा वेळी आधी सेटिंगचा वेळ कमी करावा लागतो. शिगेओ शिंगो यांनी 1969 साली टोयोटातल्या 1,000 टनी प्रेसच्या सेटिंगचा वेळ चार तासांवरून दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणला. जी तयारी मशीन चालू असताना करता येते, ती मशीन थांबण्याआधीच उरकायची, हे त्यामागचं सूत्र. आपल्याकडे स्पॅनर, टूल, ड्रॉइंग आणि गेज ट्रॉलीवर आधीच मांडून ठेवले, तरी शोधाशोधीचा वेळ वाचतो. सेटिंग न घटवता लॉट लहान केले, तर मशीनचा दिवस सेटिंगमध्येच संपेल.

प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटला माल बाहेर जात असेल, तर तिथला लॉट आणि तिथली रांग आपल्या हातात नसते. म्हणून काय सुधारलं हे पाहायला साधी नोंद ठेवावी. ट्रेवर कार्ड लावायचं आणि प्रत्येक कामाच्या सुरुवातीची व शेवटाची वेळ लिहायची. दोन कामांमधलं जे अंतर सगळ्यांत मोठं दिसेल, तिथूनच सुरुवात करावी. ते अंतर तपासणीच्या टेबलापाशी निघालं, तर नवी लेथ घेऊन डिलिव्हरी एक तासानंही लवकर होणार नाही.